पाच टॅग आणि चार हजार बाइट

पॉडकास्टच्या भागाखालचं वर्णन लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर अगदी नेटकं दिसतं: ठळक मथळा, रंगीत अक्षरं, वेळांचा तक्ता. श्रोत्याच्या फोनवर मात्र तेच वर्णन एकमेकांना चिकटलेल्या शब्दांचा गठ्ठा होऊन पोचतं. वर्णन फीडमधून निघतं आणि प्रत्येक अ‍ॅप त्यातले एचटीएमएल टॅग आपल्या चाळणीतून गाळतं. अ‍ॅपल पॉडकास्ट्सच्या नियमांत अशा वर्णनासाठी पाचच टॅग सांगितले आहेत: परिच्छेदासाठी `<p>`, यादीसाठी `<ul>`, `<ol>` आणि `<li>`, दुव्यासाठी `<a>`.

ही कंजुषी उगाच नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये एक छोटा प्रोग्राम दडवला. `javascript` हा शब्द तिथली चाळणी अडवत होती, म्हणून त्याने तो दोन ओळींत तोडून `style` या गुणधर्मात घातला. काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला. प्रोफाइल पाहणाऱ्याच्या खात्यातही प्रोग्राम उतरू लागला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खात्यांतून सॅमीला मैत्रीच्या विनंत्या गेल्या. तेव्हा घातक तेवढं अडवण्यापेक्षा ठरलेलं तेवढंच आत सोडणं सुरक्षित. रंग आणि अक्षरांचा आकार सांगणारा `style` म्हणूनच बहुतेक ठिकाणी सरसकट उडवला जातो.

समजा, वसईच्या सुकेळ्यांवर एक भाग केला आहे आणि त्याच्या वर्णनात हे लिहिलं:

```
<h2>या भागात</h2><table><tr><td>02:10</td><td>सुकेळी म्हणजे काय</td></tr></table>
```

चाळणी टॅग काढते, आतला मजकूर ठेवते. उरतं ते असं: ‘या भागात02:10सुकेळी म्हणजे काय’. मथळा वेगळा आहे हे फक्त `<h2>` सांगत होता आणि वेळ कुठे संपते हे फक्त तक्त्याचा रकाना. दोन्ही गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. तेच असं लिहून पाहा:

```
<p>या भागात:</p>
<ul>
<li>02:10 – सुकेळी म्हणजे काय</li>
<li>11:45 – केळी सुकवण्याची रीत</li>
</ul>
```

इथे वेगळेपण दाखवण्याचं काम अपूर्णविराम आणि रेघही करतात. एखाद्या अ‍ॅपने हे टॅगसुद्धा काढले, तरी कोडमधली नवी ओळ निदान एका जागेइतकं अंतर ठेवते आणि शब्द चिकटत नाहीत. मात्र स्पेसबार दाबून रकाने जुळवण्याचा खटाटोप फुकट जातो, कारण एचटीएमएल सलग कितीही मोकळ्या जागांची एकच जागा करतं.

मला सर्वांत त्रासदायक वाटतो तो न दिसणारा दोष. वर्ड किंवा एखाद्या संकेतस्थळावरून मजकूर चिकटवला की कधीकधी शब्दांमधल्या साध्या जागेऐवजी `&nbsp;` येतं. या जागेवर ओळ तोडायची नाही, असा त्याचा अर्थ. मोठ्या पडद्यावर ओळी लांब असल्याने ते सहसा लक्षात येत नाही. फोनवर मात्र चार-पाच शब्द एका दोरीत बांधल्यासारखे खालच्या ओळीत उतरतात आणि वरच्या ओळीच्या शेवटी मोठं खिंडार पडतं. असं दिसलं की मजकूर नोटपॅडसारख्या साध्या ठिकाणी नेऊन त्या जागा साध्या करून घ्याव्यात. नुसता चिकटवून उपयोग नाही. वर्डची नक्षी तिथे गळते, पण ही जागा तशीच राहू शकते. पडद्यावर चक्क `<p>` असंच उमटलं असेल, तर मामला वेगळा: कुठल्या तरी टप्प्यावर टॅगची चिन्हं साधी अक्षरं म्हणून लिहिली गेली आहेत.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक चिमटा बसतो. कार्यक्रमाच्या मुख्य वर्णनाला अ‍ॅपलने घातलेली मर्यादा ४००० बाइटची आहे, अक्षरांची नाही. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या सगळ्या स्वतंत्र खुणा आहेत. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर, पण श, हलन्त, र आणि वेलांटी मिळून १२ बाइट. ‘सुकेळी’ १८ बाइट. शब्द सरासरी साडेपाच खुणांचा धरला, तर मर्यादेत सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात. त्यातच टॅगही आले: एका `<li></li>` जोडीला ९ बाइट, आणि वर्डमधून आलेल्या `class="MsoNormal"` सारख्या शेपट्या राहिल्या तर त्या वेगळ्या.

मोजायला खास साधन लागत नाही. टॅगसकट सगळा मजकूर यूटीएफ-८ निवडून `.txt` म्हणून साठवायचा आणि फाइलचा आकार पाहायचा. तिथे ‘४ केबी’ असा गोळाबेरीज आकडा दिसेल, त्यावर जाऊ नये. गुणधर्मांच्या खिडकीत बाइटचा नेमका आकडा असतो.