बंद कपाटातला बॉक्स आणि बाहेरचा रिमोट

टीव्हीखालच्या प्लायवूडच्या कपाटात सेट-टॉप बॉक्स आणि गेमिंग कन्सोल ठेवून दार लावले, की बहुधा पहिल्यांदा बॉक्सचा रिमोट बंद पडतो. कन्सोलचा कंट्रोलर मात्र चालत राहतो. कंट्रोलर सहसा ब्लूटूथसारख्या रेडिओलहरी वापरतो आणि त्या लाकडातून पार होतात. बॉक्सचा साधा रिमोट अवरक्त प्रकाशाचे ठोके पाठवतो. हे ठोके बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला सुमारे 38,000 असतात. डोळ्यांना तो दिसत नसला तरी शेवटी तो प्रकाशच, त्यामुळे सनमायकाच्या दारापाशी अडतो. काचेचे दार असेल तर बऱ्याचदा काहीच करावे लागत नाही.

लाकडी दारासाठी आयआर रिपीटर बसवतात. त्याचा छोटा ‘डोळा’ कपाटाबाहेर बसतो आणि रिमोटचा संकेत टिपतो. वायरीच्या दुसऱ्या टोकाचा एलईडी तोच संकेत आत पुन्हा चमकवतो. हा एलईडी बॉक्सच्या ग्राहक-खिडकीवरच चिकटवायला हवा, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. खिडकी काळ्या प्लास्टिकमागे लपलेली असते. टॉर्चचा प्रकाश तिरका टाकला, तर आतला बारीक गोल घटक अनेकदा दिसतो. दिसला नाही, तर एलईडी पुढच्या पट्टीवरून हळूहळू सरकवत रिमोटचे बटण दाबावे आणि बॉक्स प्रतिसाद देईल तिथेच तो चिकटवावा.

रिपीटरला वीज कुठून घ्यायची, हेही महत्त्वाचे. बॉक्सच्या यूएसबी पोर्टमधून घेणे सोयीचे वाटते. पण स्टँडबायमध्ये काही बॉक्स तो पोर्ट बंद करतात. मग रिपीटर झोपतो आणि रिमोटने बॉक्स चालू करता येत नाही. मोबाइलचा जुना चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावून ठेवणे बरे.

तरीही काम होत नसेल, तर फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून एलईडीकडे धरावा आणि रिमोटचे बटण दाबावे. पडद्यावर जांभळट चमक दिसली, तर संकेत आतपर्यंत पोहोचतो आहे. दोष जागेचा आहे. चमक दिसलीच नाही, तर आधी रिमोटच कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा, कारण काही कॅमेरे अवरक्त प्रकाश गाळून टाकतात. रिमोट चमकतो आणि एलईडी नाही, असे झाले तर वायर, वीज किंवा बाहेरचा डोळा तपासायचा. बटण न दाबताही रिपीटरचा दिवा लुकलुकत असेल, तर डोळ्यावर ऊन किंवा टीव्हीचा प्रकाश पडत असतो, नाहीतर आतल्या एलईडीचा उजेड फटीतून परत त्याच्यावर येत असतो. पहिल्या वेळी डोळ्याची जागा बदलावी, दुसऱ्या वेळी एलईडीवर काळी टेप लावावी.

कंट्रोलर अधूनमधून अडखळत असेल, तर रिपीटरचा उपयोग नाही. धातूचे कपाट किंवा आतली धातूची जाळी रेडिओलहरी अडवते. कन्सोल दाराजवळ सरकवावा किंवा खेळताना दार उघडे ठेवावे. तापणाऱ्या कन्सोलला तसेही हवा लागतेच.