‘खस्ते नबाशीद’चं इंग्रजी काय?

तेहरानमध्ये दुकानात शिरणारा माणूस दुकानदाराला पहिल्यांदा म्हणतो, ‘खस्ते नबाशीद’. तास संपला की विद्यार्थी शिक्षकांना हेच म्हणतात, आणि रस्ता खणणाऱ्या मजुराजवळून जाणाराही. शब्दशः अर्थ, ‘तुम्ही थकलेले नसावेत’. आता याचं इंग्रजी करा. ‘मे यू नॉट बी टायर्ड’ असं लिहिलं, तर व्याकरण बिनचूक आहे, पण दुकानात शिरताना असं बोलणारा इंग्रज कुठे भेटायचा नाही. दुकानातलं ‘खस्ते नबाशीद’ म्हणजे ‘हॅलो’ आणि वर्गाच्या शेवटी म्हटलेलं ‘थँक यू’. क्रियापद तेच, पण प्रसंग बदलला की इंग्रजी बदललं.

यातलं ‘नबाशीद’ हे रूप फारसीत ज्याला ‘मोजारे-ए एल्तेजामी’ म्हणतात त्यातलं आहे. एल्तेजाम म्हणजे बांधलेलं असणं, आणि मला हे नाव फार समर्पक वाटतं. कारण हे रूप बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाला बांधलेलं असतं.

घडण अगदी सोपी आहे. ‘मीरवम’ म्हणजे ‘मी जातो’. त्यातला ‘मी’ काढून ‘बे’ लावला की झालं ‘बेरवम’. बोलताना ‘मीरम’ आणि ‘बेरम’. नकार आला की ‘बे’ जातो आणि ‘न’ येतो: ‘नरम’. ‘असणे’ या क्रियापदाला ‘बे’ लागतच नाही, तिथे सरळ ‘बाशम, बाशी, बाशे’. आपल्या ‘शाबास’मध्ये हाच ‘बाश’ लपलेला आहे: शाद बाश, आनंदी राहा. ‘जिंदाबाद’मधला ‘बाद’ही याच क्रियापदाचं जुनं इच्छादर्शक रूप, ‘असो’ या अर्थाचं.

मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. दारात उभं राहून फारसी माणूस नुसतं ‘बेरम?’ विचारतो, तेव्हा तो ‘जाऊ का?’ विचारत असतो. ‘मी जातो का?’ आणि ‘जाऊ का?’ यांत जो फरक आहे, तोच ‘मीरम?’ आणि ‘बेरम?’ यांत. इंग्रजीत तो दाखवायला क्रियापद बदलत नाही, पुढे ‘शॅल’ जोडावा लागतो: ‘शॅल आय गो?’

नवशिका भाषांतरकार इथेच चुकतो. ‘बे’ दिसला की तो ‘मे’ किंवा ‘माइट’ लावायला धावतो. पण ‘मीखाम बेरम’ म्हणजे ‘मला जायचंय’ आणि ‘बायद बेरम’ म्हणजे ‘मला गेलंच पाहिजे’. दोन्हींत ‘बेरम’ आहे आणि शंका कुठेच नाही. अर्थ ‘बे’मध्ये नसतो, तो आधीच्या शब्दात असतो. म्हणून नजर आधी तिकडे टाकावी, फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात तेव्हा कागदावर उजवीकडे. भाषांतर त्या शब्दाचं करायचं. ‘बे’ आपोआप सुटतो.

विनंतीचंच बघा. ‘मीशे दर रो बेबंदी?’ यातला ‘मीशे’ ‘होणे’ या क्रियापदाचा आहे; आपण ‘दार लावायला जमेल का?’ म्हणतो, तसं. याचं इंग्रजी ‘इज इट पॉसिबल दॅट यू क्लोज द डोअर’ केलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल दाराची कडी बिघडली की काय. ‘कॅन यू क्लोज द डोअर?’ एवढं पुरे. मात्र एक अडचण आहे. ‘बेबंदी’ म्हणजे ‘तू लावशील’, आणि ‘बेबंदीद’ म्हणजे ‘तुम्ही लावाल’. हा आदर फारसीत क्रियापदाच्या शेपटीत असतो. इंग्रजीतल्या ‘यू’ला तो पेलत नाही. मग तो वाक्याच्या सुरुवातीला न्यावा लागतो: मित्राला ‘कॅन यू’, अनोळखी किंवा वडीलधाऱ्यांना ‘कुड यू’, आणखी अदब हवी तर ‘वुड यू माइंड’. शेपटी न वाचताच सगळीकडे ‘प्लीज’ चिकटवणाऱ्याच्या हातून दोन माणसांमधलं नातंच निसटतं.

शंकेच्या वाक्यांत गल्लत उलट दिशेने होते. ‘फेक्र मीकोनम मियाद’, ‘मला वाटतं तो येईल’. इथे साधं रूप आहे. नकार घातला की रूप पालटतं: ‘फेक्र नेमीकोनम बियाद’, ‘तो येईल असं वाटत नाही’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘विल’च राहतो: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. इथे ‘बियाद’ पाहून ‘माइट’ घातला, तर एकाच शंकेवर दुसरी चढते. ‘शायद बियाद’चंही तसंच. ‘मेबी ही विल कम’ म्हणा किंवा ‘ही मे कम’ म्हणा, दोन्ही एकत्र नको.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल शंका असेल, तर फारसी म्हणते ‘रफ्ते बाशे’. हे तर मराठीशी शब्दाला शब्द जुळतं: रफ्ते म्हणजे गेला, बाशे म्हणजे असावा. शंका किती ते आधीचा शब्द सांगतो. ‘शायद रफ्ते बाशे’ म्हणजे ‘ही मे हॅव गॉन’ आणि ‘बायद रफ्ते बाशे’ म्हणजे ‘ही मस्ट हॅव गॉन’, गेलाच असणार.

इच्छेचा शब्द ‘काश’. ‘काश बियाद’ म्हणजे येण्याची वाट अजून मोकळी आहे. यावा तो, एकदा यावा. ‘काश मीआमद’ म्हटलं की वाट बंद. आला असता तर! इथे फारसी ‘बे’चं रूप सोडून भूतकाळी रूप घेते. आपल्याकडे इंग्रजी बोलताना ‘आय विश ही कम्स’ सर्रास ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत तसं चालत नाही. वाट मोकळी असेल तर ‘आय होप ही कम्स’ किंवा ‘आय विश ही वुड कम’, बंद असेल तर ‘आय विश ही हॅड कम’.

आता एक निरोप घेऊ. तेहरानची एक बाई नळदुरुस्तीवाल्याला कळवते आहे:

‘सलाम, खस्ते नबाशीद. मीखास्तम बेपोर्सम, मीशे फर्दा जूदतर बियाईद? अगे देर बेशे, मादरम शायद रफ्ते बाशे दोक्तोर. फेक्र नेमीकोनम ता जोहर बरगर्दे. काश दीरूज उमदे बूदीद.’

पहिलं वाक्य नुसतं ‘हॅलो’. ‘मीखास्तम बेपोर्सम’ म्हणजे ‘विचारायचं होतं’. तिला आत्ताच विचारायचं आहे, भूतकाळ फक्त अदबीचा. ‘आय वॉन्टेड टु आस्क’मध्ये तो तसाच उतरतो. ‘बियाईद’ला आदराची शेपटी आहे, म्हणून ‘कुड यू कम अर्लियर टुमारो?’ ‘बेशे’ ‘अगे’ला, म्हणजे ‘जर’ला बांधलेला, ‘इफ इट गेट्स लेट’, साधा वर्तमानकाळ. आई ‘मे हॅव गॉन टु द डॉक्टर’. ‘बरगर्दे’मध्ये ‘बर’ आधीच असल्याने ‘बे’ दिसत नाही, पण रूप तेच आहे: ‘आय डोन्ट थिंक शील बी बॅक बिफोर नून’.

राहिलं शेवटचं वाक्य. काल आला नाहीत, ही तक्रार तिने ‘काश’च्या पदराआड ठेवली आहे. ‘यू शुड हॅव कम यस्टरडे’ लिहिलं तर पदर सरकतो आणि ती भांडखोर वाटू लागते. ‘आय विश यूड कम यस्टरडे’ म्हटलं की तक्रार पोचते, आणि नळदुरुस्तीवाला उद्या लवकर येण्याची शक्यता शाबूत राहते.