वरून टिपलेल्या थाळीच्या छायाचित्रातून उष्मांकांचा अंदाज कसा बांधतात?

भरलेल्या थाळीचे छायाचित्र वरून घेतले की प्रत्येक पदार्थ स्वतंत्र दिसतो. पोळी, भाताची मूद, वाटीतील आमटी, भाजी, कोशिंबीर आणि पापड एकमेकांना झाकत नाहीत. आहाराची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये किंवा आहारतज्ज्ञाकडे असेच छायाचित्र बहुधा मागितले जाते. मात्र अशा छायाचित्रात लांबी आणि रुंदी असते, उंची व खोली नसते. उष्मांक तर अन्नाच्या वजनावर ठरतात आणि वजनासाठी घनफळ लागते. अंदाजाची सारी अडचण या हरवलेल्या तिसऱ्या मितीत आहे.

पहिले काम मोजपट्टी ठरवण्याचे. छायाचित्रात एखाद्या वस्तूचे खरे माप ठाऊक असल्याशिवाय घास लहान की मोठा हे कळत नाही. घरच्या थाळीच्या सपाट तळाचा व्यास टेपने एकदाच मोजून ठेवावा. समजा तो 25 सेंटीमीटर आहे आणि छायाचित्रात त्याने 1250 पिक्सेल व्यापले आहेत. म्हणजे 50 पिक्सेलला एक सेंटीमीटर. थाळी अनोळखी असेल तर शेजारी मेजावर दहा रुपयांचे नाणे ठेवता येते. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो.

या मापाने भाताची मूद 500 पिक्सेल, अर्थात 10 सेंटीमीटर रुंद भरली. आता मुदीची उंची 3 सेंटीमीटर मानली तर घुमटाकाराचे घनफळ सुमारे 130 मिलिलिटर येते. तीच उंची साडेचार सेंटीमीटर असेल तर ते सुमारे 225 मिलिलिटर होते. शिजलेला मोकळा भात 100 मिलिलिटरला साधारण 70 ग्रॅम भरतो आणि 100 ग्रॅम भातात सुमारे 130 किलोकॅलरी असतात. व्यवहारात यांनाच कॅलरी म्हटले जाते. म्हणजे पहिली मूद सुमारे 120 कॅलरींची, दुसरी 205 कॅलरींची. वरून मात्र दोन्ही ठिकाणी तेच पांढरे वर्तुळ दिसते. बाजूने पडणारा प्रकाश आणि मुदीची सावली थोडी मदत करते. खात्रीचा उपाय म्हणजे थाळीच्या कडेच्या उंचीवरून, तिरपे असे दुसरे छायाचित्र घेणे.

वाटीची गोष्ट अधिक रंजक आहे. घराघरांतील स्टीलची वाटी तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळती असते. समजा तोंडाचा व्यास 8, तळाचा 6 आणि खोली 4 सेंटीमीटर आहे. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे 155 मिलिलिटर आमटी मावते. आमटी काठापासून एक सेंटीमीटर खाली असेल तर 108 मिलिलिटरच. एका सेंटीमीटरने जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला. पण वाटी निमुळती असल्याने आमटीचा पृष्ठभागही अर्ध्या सेंटीमीटरने आकुंचन पावतो आणि आतली स्टीलची कड दिसू लागते. ही चकाकती कड किती रुंद आहे हे पाहून पातळीचा अंदाज करता येतो. सरळ भिंतींच्या वाटीत ही खूण जवळजवळ नाहीशी होते.

वाटी आणखी एका प्रकारे फसवते. कॅमेरा थाळीच्या तळापासून 40 सेंटीमीटर वर असेल आणि वाटीचा काठ तळापासून 4 सेंटीमीटर उंच असेल, तर तो काठ कॅमेऱ्याला अधिक जवळ असल्याने 11 टक्के मोठा दिसतो. आठ सेंटीमीटरची वाटी 8.9 सेंटीमीटरची भासते. तिची खोलीही त्याच प्रमाणात गृहीत धरली तर घनफळ सदतीस टक्क्यांनी फुगते. कॅमेरा 80 सेंटीमीटरवर नेला की हा फरक पाच टक्क्यांवर येतो. म्हणून फोन थाळीवर झुकवण्यापेक्षा उंच धरावा आणि झूम वापरावे.

पोळीबाबत व्यासापेक्षा संख्या महत्त्वाची. घडी घातलेल्या दोन पोळ्या एकावर एक असतील तर वरून एकच दिसते. कडेचे पदर मोजावे लागतात. कणकेचा हिशेब याहून सोपा आहे. 300 ग्रॅम पिठाच्या दहा पोळ्या झाल्या तर प्रत्येकीत 30 ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे 100 कॅलरी. घडीत आणि वरून लावलेले तेल-तूप निराळे.

खरा अदृश्य घटक तेल हाच आहे. बटाट्याच्या 100 ग्रॅम भाजीत बटाट्याचे उष्मांक साधारण 75 येतात. त्यात एका माणसाच्या वाट्याला 5 ग्रॅम तेल आले तर 45 कॅलरी वाढतात, 15 ग्रॅम आले तर 135. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ कॅलरी असल्याने ही तफावत पडते. उसळीवर तरंगणारी तरी दिसते. बटाट्याने शोषलेले तेल दिसत नाही. ते छायाचित्रात शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधावे. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला सुमारे 23 ग्रॅम पडते, म्हणजे 205 कॅलरी. कोणतेही छायाचित्र इतकी भरवशाची माहिती देत नाही. उपाहारगृहातील थाळीला हा आधार नसतो, म्हणून तिथला अंदाज अधिक सैल ठेवणेच प्रामाणिकपणाचे.

आता थाळी एकत्र मांडू. दोन पोळ्या 200 ते 260, भात 120 ते 205, आमटी 70 ते 130, भाजी 120 ते 210, दह्यातील कोशिंबीर 40 ते 60 आणि पापड भाजलेला की तळलेला यानुसार 40 ते 70. खालच्या आकड्यांची बेरीज 590, वरच्यांची 935. भाताचा अंदाज चढा आणि आमटीचा उतरता निघाला तर चुका एकमेकींना काही अंशी छेदतात, त्यामुळे खरा आकडा 760 च्या आसपास असण्याची शक्यता जास्त. तेलाच्या चुका मात्र छेदल्या जात नाहीत. पोळी, आमटी आणि भाजी एकाच हातची असते. हात सैल असेल तर तिन्हींत सैल असतो. ॲपने ‘743 कॅलरी’ असा नेमका आकडा दाखवला तरी त्यातील शेवटचे दोन अंक फारसे काही सांगत नाहीत.

संशोधकांनाही ही मर्यादा ठाऊक आहे. गूगलच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘न्यूट्रिशन5के’ या संचासाठी सुमारे पाच हजार ताटे टिपताना साध्या कॅमेऱ्यासोबत खोली मोजणारा कॅमेराही वर बसवला होता आणि घटकपदार्थांचे वजन नोंदवले होते. त्या ताटांत वाट्यांनी भरलेली भारतीय थाळी अपेक्षित नव्हती. आमटी तुरीची की मिश्र डाळींची, घट्ट की पातळ, हे खोली कळूनही कॅमेऱ्याला कळत नाही. तेथे वाढणाऱ्यालाच विचारावे लागते.

शेवटची चूक मोजमापाची नसून वेळेची असते. छायाचित्र पहिल्या वाढपाचे असते. त्यानंतर आग्रहाने आलेली तिसरी पोळी आणि पुन्हा घेतलेला भात त्यात नसतो, उरलेली अर्धी वाटी आमटीही नसते. म्हणून जेवण आटोपल्यावर त्याच उंचीवरून थाळीचे दुसरे छायाचित्र घ्यावे आणि मधल्या वाढपाची नोंद लगेच करावी.