आयपीओ लागला, पैसे अडकले

कल्याण-डोंबिवलीतल्या पोलीस ठाण्यांत अशा तक्रारी वारंवार येतात. समजा, डोंबिवलीतले एक निवृत्त गृहस्थ व्हॉट्सअॅपवरच्या 'टिप्स'च्या ग्रुपमध्ये ओढले गेले. लिंकवरून अॅप उतरवून त्यांनी 50 हजार भरले. त्यातले 5 हजार मागताच परत मिळाले, आणि सापळा खरा तिथेच बसला. मग अॅपवर 'आयपीओ' आला. अर्ज 2 लाखांचा, शेअर 'लागले' 9 लाखांचे! उरलेले 7 लाख भरा, नाहीतर खाते गोठेल, असा दम मिळाला. ते भरून पैसे काढायला गेल्यावर नफ्यावर आगाऊ 'कर' मागितला गेला.

खऱ्या आयपीओत अर्जापेक्षा जास्त शेअर मिळतच नाहीत. शिवाय वाटप होईपर्यंत रक्कम आपल्याच बँक खात्यात राखून ठेवलेली असते, ती कुणा 'ट्रेडर्स'च्या चालू खात्यात जात नाही. पैसे काढण्यासाठी ब्रोकर आधी कर भरून घेत नाही. शेअर खरोखर घेतले असतील, तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या विवरणपत्रात दिसतात. अॅपवरचा हिरवा आकडा कोणीही टाइप करू शकतो. 'परदेशी संस्थेच्या खात्यातून स्वस्तात शेअर' हेही थोतांडच. तो मार्ग भारतीय रहिवाशांना खुला नाही, असे सेबीने 2024 मध्येच बजावले होते.

पैसे गेलेच, तर ग्रुपवाल्यांशी हुज्जत न घालता लगेच 1930 वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.