जुन्या गाडीत मोबाइलची गाणी. पण लहर कोणती?

बेंबळी : जुन्या मारुती ८०० मधील रेडिओला मोबाइल जोडण्याची सोय नसते. मात्र सिगारेट लायटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर ही अडचण दूर करतो. मोबाइलमधील आवाज तो ब्लूटूथने घेतो आणि एफएमच्या लहरीवर गाडीच्या रेडिओला ऐकवतो. मोबाइलशी जोडणी एकदाच करावी लागते. ब्लूटूथच्या यादीतील उपकरणाचे नाव निवडायचे; क्रमांक विचारलाच तर बहुधा 0000 चालतो.

खरी कसोटी लहर निवडण्यात आहे. दोन प्रक्षेपणे एकाच लहरीवर आली, की एफएम रेडिओ त्यातील जोरदार प्रक्षेपण ऐकवतो आणि दुसरे दाबून टाकतो. ट्रान्समीटरची ताकद जेमतेम काही मीटरची. त्यामुळे आकाशवाणीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून ट्रान्समीटर काढून ठेवून आधी रेडिओ फिरवावा. जिथे नुसती एकसारखी खरखर ऐकू येते, ती जागा मोकळी. समजा, बेंबळीत ८८.३ मोकळी सापडली, तर ८८.१ आणि ८८.५ याही तपासाव्यात. कारण एका केंद्राचा आवाज सुमारे ०.२ मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. त्यानंतर ट्रान्समीटर आणि रेडिओ दोन्हींवर ८८.३ लावावे.

गावात मोकळी असलेली लहर वाटेत मोकळी राहीलच असे नाही. धाराशिवचे आकाशवाणी केंद्र एफएमवर प्रसारण करते. शहर जवळ येताना गाण्यात मधूनच निवेदकाचा आवाज डोकावू लागला, की उपकरण बिघडले असे समजू नये, लहर बदलावी. नेहमीच्या प्रवासासाठी दोन्ही ठिकाणी मोकळी असलेली लहर आधीच शोधून ठेवणे सोयीचे. (शेजारच्या गाडीत तीच लहर लागली असेल, तर आपले गाणेच नव्हे, फोनवरील बोलणेही तिथे ऐकू जाऊ शकते.)

आवाज फाटत असेल तर मोबाइलचा आवाज थोडा कमी करून रेडिओचा वाढवावा. उलट, गाण्यामागे खरखर राहिली तर मोबाइलचा वाढवावा. अॅक्सिलरेटर दाबताच वर चढणारी शिट्टी येत असेल, तर इंजिन बंद करून ऐकावे. ती थांबली तर दोष लहरीचा नसून गाडीच्या अल्टरनेटरकडून येणाऱ्या विजेचा आहे.

फोन आला की गाणे आपोआप थांबते. समोरच्याचे बोलणे गाडीच्या स्पीकरमधून येते आणि चालकाचा आवाज ट्रान्समीटरमधील माइक टिपतो. स्पीकरचा आवाज मोठा असल्यास तोही माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात. अशा वेळी रेडिओचा आवाज कमी करावा. गाण्यापेक्षा फोनचा आवाज बारीक, चपटा वाटतो, हा मात्र दोष नव्हे. संभाषणासाठी ब्लूटूथ आवाजाचा अरुंद पट्टाच वापरतो.

काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही या सॉकेटचा वीजपुरवठा सुरू राहतो. ट्रान्समीटरचा दिवा जळत राहिला, तर रात्री तो काढून ठेवावा.