चूक किती टक्के, आणि कोणाची?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात साध्या लंबकाचा एक प्रयोग असतो. स्टँडला दोरा बांधायचा, त्याला धातूची गोळी टांगायची, हलकासा झोका द्यायचा आणि वीस दोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचे. लांबी आणि वेळ यांवरून पृथ्वीचे गुरुत्व त्वरण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातला ‘जी’, काढायचा. पुस्तकात त्याची किंमत ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी दिलेली असते. सगळे गणित झाले की शेवटी एक ओळ उरते: शेकडा त्रुटी. ती घाईघाईत भरली जाते आणि आकडा लहान आला की प्रयोग जमला असे समजून वही मिटते. खरे तर प्रयोगात कुठे काय बिघडले हे शोधायचे असेल, तर सुरुवात त्या ओळीपासूनच करावी लागते.

हिशेब सोपा आहे. आपल्याला मिळालेल्या किमतीतून अपेक्षित किंमत वजा करायची, उरलेल्या फरकाला अपेक्षित किमतीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा लंबकाची लांबी ८० सेंटिमीटर आहे आणि वीस दोलनांना ३६.१ सेकंद लागले. म्हणजे एका दोलनाला १.८०५ सेकंद. जी काढण्यासाठी लांबीला चार आणि पायच्या वर्गाने गुणायचे आणि दोलनकालाच्या वर्गाने भागायचे. उत्तर येते ९.६९. ते ९.८ पेक्षा ०.११ ने कमी आहे. ०.११ ला ९.८ ने भागून शंभराने गुणले, की त्रुटी सुमारे १.१ टक्के.

भागाकार कशाला, नुसता फरक का नाही सांगायचा? कारण ०.११ हा आकडा एकटा असताना काहीच सांगत नाही. ९.८ मध्ये ०.११ कमी पडणे आणि ०.५ मध्ये ०.११ कमी पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टक्केवारीमुळे फरकाला माप मिळते. मात्र बहुतेक वह्यांत उणे चिन्ह गाळून नुसता १.१ लिहिला जातो. तिथे हातातला एक चांगला धागा सुटतो, कारण उत्तर जास्त आले की कमी, यावरूनच कारणांची निम्मी यादी आपोआप बाद होते.

आकडा काय सांगतो

आधी पाहू, या प्रयोगात नीट काम करूनही किती त्रुटी येणे स्वाभाविक आहे. मीटरपट्टीवर ८०० मिलिमीटरात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर ती चूक फक्त ०.१२५ टक्के. वेळेचे तसे नाही. गोळी मधल्या खुणेवरून जाताना डोळ्यांनी पाहायचे आणि अंगठ्याने बटण दाबायचे, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ सेकंद, सहज चुकतो. वीस दोलनांच्या ३६ सेकंदांत ०.२ म्हणजे साधारण ०.५५ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग आहे, त्यामुळे ही चूक उत्तरात येताना दुप्पट होते: १.१ टक्के. वरच्या उदाहरणातली त्रुटी तेवढीच होती. म्हणजे ती मुले नीट काम करत होती आणि राहिलेला फरक स्टॉपवॉच धरलेल्या हाताचा होता.

वीस दोलने का घ्यायची, हेही यातून कळते. एकच दोलन मोजले असते, तर १.८ सेकंदांत ०.२ ची चूक म्हणजे ११ टक्के, आणि जीमध्ये ती २२ टक्क्यांच्या आसपास गेली असती. बटण दाबण्यातली चूक तेवढीच राहते, पण ती वीस दोलनांत वाटली जाते.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. लंबक तोच, लांबी ८० सेंटिमीटरच. यांना वीस दोलनांना ३४.१ सेकंद लागले आणि जी आला १०.८६. त्रुटी अधिक १०.८ टक्के. हाताच्या उशिराने एवढी चूक व्हायला स्टॉपवॉच जवळजवळ दोन सेकंद चुकायला हवे, आणि तसे होणे कठीण आहे. मग कारण दुसरे असणार. या मुलांनी गोळी सोडताक्षणी स्टॉपवॉच सुरू केले आणि त्याच क्षणी तोंडाने ‘एक’ म्हटले. ‘वीस’ म्हणून थांबले तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झाली होती. एकोणीस दोलनांचा वेळ वीसने भागला, दोलनकाल पाच टक्क्यांनी कमी आला आणि वर्गामुळे जी सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. पहिल्या वेळी ‘शून्य’ म्हणायचे, एवढाच यावरचा उपाय.

हा तर्क बरोबर आहे की नाही, तेही तपासता येते. त्याच मुलांनी दहा दोलनांचा वेळ घ्यावा. मोजणीत एक कमी पडत असेल, तर दहाच्या जागी नऊच होतील आणि जी १२ च्या वर जाईल. पृथ्वीचे गुरुत्व दहा आणि वीस दोलनांना वेगवेगळे असू शकत नाही. तेव्हा मोजणीची संख्या बदलल्यावर उत्तर बदलले, तर घोटाळा मोजणीतच आहे.

तिसरी नेहमीची चूक उलट्या दिशेची असते. लंबकाची लांबी दोरा बांधलेल्या बिंदूपासून गोळीच्या केंद्रापर्यंत धरायची असते. पुष्कळ जण गोळीच्या वरच्या टोकापर्यंतच मोजतात आणि त्रिज्या मिळवायला विसरतात. गोळी दोन सेंटिमीटर व्यासाची असेल, तर ८० च्या जागी ७९ लिहिले जातात आणि जी सव्वा टक्क्याने कमी येतो. ही चूक हाताच्या उशिराएवढीच असल्यामुळे एका वाचनात ती लपून जाते. ती पकडण्यासाठी चार-पाच वेगवेगळ्या लांब्या घ्याव्यात आणि दोलनकालाचा वर्ग व लांबी यांचा आलेख काढावा. त्रिज्या विसरली असेल, तर रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी बाजूने जाते. पण तिचा चढ तोच राहतो, म्हणून चढावरून काढलेला जी बरोबर येतो.

दोन गटांचे जुळले, म्हणजे बरोबर आले का?

शेकडा त्रुटीसारखाच दिसणारा दुसरा हिशेब म्हणजे शेकडा फरक. दोन गटांनी एकच गोष्ट मोजली आहे आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे पाहायचे आहे. इथे कोणाचेही उत्तर प्रमाण धरता येत नाही, म्हणून फरकाला दोघांच्या सरासरीने भागतात. पहिल्या गटाच्या उत्तराने भागले तर एक टक्केवारी येते, दुसऱ्याच्या उत्तराने भागले तर दुसरी. सरासरी घेतली की हा पक्षपात राहत नाही. एखाद्या वस्तूची खरी किंमत कुठल्याच पुस्तकात नसते, उदाहरणार्थ आवारात सापडलेल्या दगडाची घनता, तेव्हा हाच हिशेब कामी येतो.

पण त्याची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. समजा शेजारच्या टेबलावरच्या मुलांनीही सोडतानाच ‘एक’ म्हटले आणि त्यांना वीस दोलनांना ३४.२ सेकंद लागले. त्यांचा जी १०.८०. दोन्ही गटांतला फरक ०.०६, सरासरी १०.८३, शेकडा फरक जेमतेम अर्धा टक्का. उत्तरे सुंदर जुळली आणि दोन्ही दहा टक्क्यांनी चुकलेली. शेकडा फरक लहान असणे म्हणजे मापने एकमेकांशी सुसंगत असणे, एवढेच. दोघांनी एकच चूक केली असेल, तर त्याला ती दिसणार नाही.

छेदात काय आहे?

दोन्ही हिशेबांत आपण कशाने भागतो यावर उत्तराचा अर्थ ठरतो. बर्फ वितळतानाचे तापमान मोजले आणि ते ० ऐवजी १ अंश सेल्सिअस आले, तर शेकडा त्रुटी किती? शून्याने भागता येत नाही, म्हणून तिला उत्तरच नाही. हेच वाचन केल्विनमध्ये लिहिले, तर २७३ च्या जागी २७४, म्हणजे ०.४ टक्क्यांहूनही कमी. थर्मामीटर तोच, चूक तीच, एकक बदलले आणि टक्केवारी बदलली. सेल्सिअसमधले शून्य माणसाने सोयीसाठी ठरवलेले असल्यामुळे तिथे टक्क्यांत बोलू नये. ‘एक अंश जास्त’ एवढे लिहिणेच योग्य.

छेदात बसलेली अपेक्षित किंमत आपल्या जागेला लागू आहे का, हाही प्रश्न आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्यामुळे तिथे पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. तिथल्या विद्यार्थ्याने वाचन ९५.५ लिहिले आणि १०० शी तुलना केली, तर साडेचार अंशांची ‘चूक’ त्याच्या नावावर जमा होईल. चुकला असेल, तर तो अपेक्षित आकडा.

जीचेही तसेच आहे. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर जी ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ असतो. मुंबईत तो ९.७९ च्या जवळपास आहे. स्टॉपवॉचच्या प्रयोगात एवढ्याने बिघडत नाही, कारण हाताची चूक त्याहून मोठी आहे. पण मापन पुरेसे बारीक असले, की हाच फरक बोलू लागतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर वेळ दाखवणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. १४४० मिनिटांत अडीच म्हणजे ०.१७ टक्के. रिशेने वाचनात फेरफार न करता फरक नोंदवला. पुढे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हा पुरावा वापरला: विषुववृत्तावर गुरुत्व कमी आहे आणि पृथ्वी तिथे फुगीर आहे.

म्हणून प्रयोगवही तपासणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट जरूर करावी. हाताने घेतलेल्या वीस दोलनांतून नेमका ९.८० आणि शून्य टक्के त्रुटी आली असेल, तर गुण देण्याआधी मूळ वाचने मागावीत. तसे क्वचित योगायोगाने घडते, पण एका वर्गातल्या दहा वह्यांत घडत नाही. विद्यार्थ्यांनी त्रुटी चिन्हासकट लिहावी, अपेक्षित किंमत कोणती घेतली ते सांगावे आणि खाली एका वाक्यात कारण द्यावे. उणे १.१ टक्के आणि त्याचे पटणारे कारण, हे खाडाखोड करून आणलेल्या ९.८० पेक्षा चांगले उत्तर आहे.