दिवा विझला, पण फेज तुटली का?

बटण बंद केलं आणि दिवा विझला, की वायरिंग बरोबर आहे असं आपण धरून चालतो. पण दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, त्यामुळे यातली कुठलीही एक वायर तोडली तरी तो विझणारच. बटण चुकून न्यूट्रलवर बसलं असेल तर अंधार होतो, पण २३० व्होल्टची फेज मात्र थेट होल्डरच्या पिनेपर्यंत आलेली असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचं बोट त्या पिनेला लागलं, तर बंद बटण त्याला वाचवत नाही. म्हणूनच दिव्याचं बटण फेजच्याच वायरवर असावं, असा नियम आहे.

हे तपासायला एक साधा निऑन टेस्टर पुरतो. शेंड्याचं टोक सोडून बाकी दांडीवर प्लास्टिकची नळी असलेलाच घ्यावा. उघड्या दांडीचा टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांना एकदम टेकला तर तिथेच शॉर्ट होतो.

न्हाणीघरातल्या जुन्या बॅटन होल्डरचं उदाहरण घेऊ. आधी घराचा मेन स्विच पाडायचा आणि बल्ब काढून घ्यायचा. मग मेन पुन्हा चालू करायचा. हात आणि फरशी कोरडी हवी. ज्या स्टुलावर उभं राहून तपासायचं, त्याच स्टुलावर उभं राहून टेस्टर आधी एखाद्या खात्रीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. टेस्टरमधला दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी किंचित प्रवाहावर लागतो. कोरडं लाकडी स्टूल आणि पायात रबरी चपला असल्या तर तो मंद होतो, आणि भर उजेडात तेवढा दिसतही नाही. न दिसणाऱ्या उजेडावरून ‘वीज नाही’ म्हणणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

आता बटण बंद ठेवून टेस्टरच्या टोपीवर बोट टेकवायचं आणि दोन्ही पिना एकेक करून पाहायच्या. मग बटण चालू करून पुन्हा तसंच. वायरिंग ठीक असेल तर बंद असताना कुठल्याच पिनेवर टेस्टर लागत नाही, चालू केल्यावर एकीवर लखलखीत लागतो. आपल्या न्हाणीघरात मात्र बंद असतानाही डावी पीन लखलखीत दिसली, आणि चालू केल्यावरही ती तशीच राहिली. उजवीवर दोन्ही वेळा काही नाही. म्हणजे डावीकडे फेज थेट येते आणि बटण उजवीकडच्या न्यूट्रलला तोडतं.

कधीकधी मात्र बटण बंद असताना एखादी पीन अगदी मिणमिणते, आणि घरमालक घाबरतो. बल्ब काढलेला असतो, बटण बंद असतं, तेव्हा बटणाकडून येणारी वायर दोन्ही टोकांनी अधांतरी असते. एकाच पाइपातून तिच्या शेजारून दुसरी जिवंत वायर जात असेल, तर तिच्यावर थोडा दाब उमटतो आणि निऑन तेवढ्यावरही लुकलुकतो. त्यामुळे नुसतं ‘लागला की नाही’ एवढं पाहू नये, बटण दाबल्यावर काय बदलतं ते पाहावं. बंदला मिणमिण आणि चालूला लखलखाट असेल तर बटण फेजवरच आहे. बटणाला न जुमानता एक पीन सारखीच लखलखत राहिली, तर ते न्यूट्रलवर आहे. तरी शंका उरली तर वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून घ्यावा. त्याला असला पोकळ दाब पेटवू शकत नाही.

बटण बंद करूनही रात्री एलईडी बल्ब अंधूक जळत राहणं हेही याचं एक लक्षण असू शकतं. बटणातच बारीक दिवा असला तरी तसंच होतं, म्हणून तेवढ्यावरून निदान करू नये.

चूक सापडली की घरातला दुसरा एखादा दिवाही तपासावा, आणि तीन पिनांचं सॉकेटही. अर्थचं मोठं छिद्र वर धरलं तर समोरून पाहताना फेज उजवीकडे हवी. एकच दिवा चुकलेला असेल तर दोष त्याच्या स्विचबोर्डात आहे. सगळेच उलटे निघाले, तर मीटरकडून येणाऱ्या दोन वायरींचीच अदलाबदल झाली आहे. हे जास्त वाईट, कारण मग एका खांबाचे एमसीबीसुद्धा न्यूट्रल तोडत असतात, आणि ते पाडूनही फेज घरभर तशीच राहते. म्हणूनच वर एमसीबी नव्हे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच पाडायला सांगितला.

दुरुस्ती वायरमनने मेन पाडून करायची, पण ती कुठे होते हे आपल्याला माहीत असलेलं बरं. होल्डरमधल्या दोन वायरी उलटसुलट केल्या तर फेज फक्त डावीकडून उजव्या पिनेवर जाते. बटण न्यूट्रलवरच राहतं. बटणाच्या दोन स्क्रूंमधल्या वायरी बदलूनही काही होत नाही. बोर्डात बटणाला न्यूट्रलचा जो जोड आहे तो काढून तिथे फेज द्यावी लागते, आणि होल्डरकडे थेट गेलेली वायर फेजवरून सोडवून न्यूट्रलला बांधावी लागते. काम झाल्यावर वायरमन जायच्या आत चारही वाचनं पुन्हा घ्यावीत: दोन पिना, बटण बंद आणि चालू.